गोल चेहरा, छोटी मान आणि घरचं पार्लर

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी नणंद पंधरा-वीस बायकांसमोर म्हणाली, "आमच्या भावजयीला देवानं मानच दिली नाही. डोकं डायरेक्ट खांद्यावर ठेवून दिलं. आता मी तरी किती कापू न् काय करू?"

बायका हसल्या. तिळाच्या वड्या तोंडात होत्या म्हणून काही जणींना ठसका लागला, तरी त्या हसल्या. मीही हसले. अशा वेळी हसावंच लागतं, नाहीतर 'हिला गंमत कळत नाही' हे आणखी ऐकावं लागतं. वाण म्हणून मिळालेली स्टीलची वाटी हातात घट्ट धरून मी हसत होते आणि मनात एकच चाललं होतं: बाई, तुला मी हे परत करीन.

ताईंचं, म्हणजे माझ्या या थोरल्या नणंदेचं, जबलपुरात चेरीतालला पार्लर आहे. घराच्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, मागे डोकं धुवायचं बेसिन. चेरीतालमधल्या निम्म्या बायका तिथे भुवया करतात आणि उरलेल्या निम्म्या तिथे बसून पहिल्या निम्म्यांबद्दल बोलतात. गिऱ्हाइकं त्यांना दीदी म्हणतात. आमच्या सासरचा नियम असा की घरचं पार्लर असताना कुठल्याही लेकी-सुनेनं बाहेर केस कापायचे नाहीत. हा नियम कोणी केला हे मला कधी कळलं नाही, पण तो मोडल्यावर काय होतं हे एका चुलत जावेच्या बाबतीत मी पाहिलं होतं. तिच्याशी ताई पुढची दोन वर्षं फक्त चतुर्थीच्या प्रसादापुरतं बोलल्या.

तर लग्न झाल्यापासून माझं डोकं ताईंच्या हातात. माझा चेहरा गोल आहे, ताटलीसारखा म्हटलं तरी चालेल, मी रागावणार नाही. केस दाट आणि सरळ, इतके सरळ की पिन लावली तर तासाभरात घरंगळून खाली येते. आणि मान छोटी. हे तिन्ही एकाच बाईला मिळणं म्हणजे काय, ते ज्यांना मिळालंय त्यांनाच कळेल. ताईंचं यावरचं उत्तर ठरलेलं होतं. केस हनुवटीपर्यंत, खाली सरळ रेषेत, आणि कपाळावर भुवयांपर्यंत जाड झालर. "गालावर केस आले की गाल झाकतात, कपाळ झाकलं की चेहरा छोटा दिसतो," असं त्या म्हणायच्या. ऐकायला पटतं. आरशात पाहिलं की पटत नाही. वरून झालर, बाजूंनी पडदे, आणि मधोमध जो काही चेहरा उरतो तो आणखीनच गोल. खालची रेघ नेमकी जिथे गाल सर्वांत रुंद तिथे येऊन थांबते, जणू कोणी पट्टीनं अधोरेखित केलंय. त्यातून केस दाट, म्हणून ते खाली न बसता बाहेर फुगतात. मग ताई दातेरी कात्री घेऊन मुळापासून केस विरळ करायच्या. दोन आठवड्यांनी ते कापलेले छोटे केस आत उभे राहायचे आणि वरच्या केसांना आणखी बाहेर ढकलायचे.

माझ्या लग्नाचा अल्बम मी कोणाला दाखवत नाही. लग्नाच्या आठवडाभर आधी ताईंनीच माझे केस कापले होते. होणाऱ्या नणंदेला नाही कसं म्हणणार? माझे कमरेपर्यंतचे केस होते. ओले केस कंगव्यानं खाली ताणून त्यांनी खांद्याच्या वर कापले आणि वाळल्यावर ते चांगले बोटभर वर गेले. गजरा धरायला मागे काही राहिलंच नाही. काळ्या दोऱ्यानं बांधलेला गजरा अंतरपाट धरला असतानाच सुटून माझ्या पाठीवर लोंबत होता. गळ्यात चिंचपेटी, ती पण ताईंचीच निवड, म्हणजे जी काही बोटभर मान होती तीही सोन्याखाली गेली. प्रत्येक फोटोत मी शालू नेसवलेल्या घागरीसारखी दिसते. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं, असं मला तेव्हापासून वाटत आलंय. कारण त्या दिवशी ताई स्वतः इतक्या सुंदर दिसत होत्या की माझ्या माहेरच्या बायका विचारत होत्या, नवरीची करवली कोण?

त्या वेळेपासून माझी खात्री होती की हे मुद्दाम केलेलं आहे.

हळदीकुंकवानंतर आठवडाभरातच ताईंच्या मुलीचं लग्न ठरलं. मुहूर्त मेमधला. मुलगा इथलाच, त्याचे वडील फॅक्टरीतून रिटायर झालेले, आई शाळेत मुख्याध्यापिका होती. माझा नवरा मुलीचा मामा, म्हणजे मंडपात मुलीला घेऊन येणारा तो आणि त्याच्या शेजारी मी. मामा-मामीशिवाय एक फोटो निघत नाही. ताईंनी फोनवरच सांगून टाकलं, "मामीचे केस मीच सेट करीन. या वेळी थोडे आणखी वर घेऊ. गालाला बरोबर बसतील."

मी म्हटलं, "हो ताई." आणि दुसऱ्या दिवशी, मी शिकवते ती शाळा सुटल्यावर, स्कूटी काढून महाराजपूरला गेले.

महाराजपूरला कोण होतं, तर ताईंकडे पूर्वी काम करणारी मुलगी. ताईंनी तिला काढून टाकलं होतं. चोरी नाही, भांडण नाही, गिऱ्हाइकं खुर्चीत बसल्यावर "दीदी, तिच्याकडून कापून घेऊ का?" असं विचारायला लागली होती, हा तिचा गुन्हा. आता तिचं स्वतःचं सलून होतं, काचेचं दार, मोठा बोर्ड, आणि चेहऱ्यावर एक ताठरपणा जो तिला ताईंकडे असताना दाखवता आला नसता. मला पाहून तिनं आधी माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

"दीदी को पता है?"

"नाही."

"तो बैठिए," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. तिला माझे केस कापायचे नव्हते, तिला ताईंचं नाक कापायचं होतं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. माझंही तेच होतं.

तिनं माझे केस ओले केले, मग वाळवले, मग पुन्हा ओले केले. मान खाली करायला लावली आणि मागच्या केसांच्या रेषेवर बोट फिरवत राहिली. केस कुठल्या दिशेनं उगवतात, मानेवर भोवरा आहे का, हे ती बघत होती. माझ्या मानेवर भोवरा नव्हता, केस खालीच वळत होते. "अच्छा है," ती म्हणाली. मग तिनं सांगितलं की छोट्या मानेला दोनच रस्ते आहेत. एक तर केस गळ्याखालच्या हाडाच्या, ती म्हणते त्या हसलीच्या, खाली जाऊ द्यायचे, लांब, आणि लेअर हनुवटीच्या खाली सुरू करायचे, म्हणजे चेहऱ्याच्या बाजूनं उभी रेष तयार होते. नाहीतर मान पूर्ण मोकळी करायची, मागून बारीक, अगदी कातडीला बसेल असं. मधे कुठेही थांबलं की मान गेली.

"मग लांब ठेवू," मी म्हटलं. मला लांब केस परत हवे होते. माझं जे कापून नेलं होतं ते मला परत हवं होतं.

तिनं माझ्या हनुवटीपाशी दोन बोटं आडवी धरली. "मई तक इतना बढ़ेगा, बस." मग त्या दोन बोटांखाली काय आहे ते आरशात दाखवलं: माझा खांदा. दुसऱ्या कोणाच्या हनुवटीपासून खांद्यापर्यंत चांगलं अंतर असतं, माझ्या नाही. केस बरोबर खांद्यावर टेकले असते आणि सरळ जाड केस खांद्यावर टेकले की बाहेर वळतात, दोन्हीकडे. लग्नाच्या फोटोत मी पुन्हा घागर, फक्त या वेळी कानांना पंख फुटलेली.

म्हणजे छोटे. अगदी छोटे. आमच्या घरात आजवर कोणा सुनेनं कापले नव्हते इतके छोटे. मी घाबरले हे खरं आहे. पण त्या घाबरण्यात एक मजाही होती, ताईंचा चेहरा कसा होईल याची. मी म्हटलं, "काप."

"अभी नहीं," ती म्हणाली. वर आणि पुढे लांबी लागणार होती. कपाळावरची ती झालर वाढून गालाच्या हाडापर्यंत यायला हवी होती, म्हणजे ती तिरकी एका बाजूला टाकता येईल. तिरकी रेष गोल चेहरा मोडते, आडवी रेष तो पुरा करते. तोपर्यंत एकच अट. ताईंनी माझ्या केसांना हात लावायचा नाही.

मग माझं धार्मिक आयुष्य सुरू झालं. ताई रविवारी बोलवायच्या, मी परीक्षेचे पेपर पुढे करायचे. मंगळवारी बोलवलं तर मंगळवारी केस कापत नाहीत. गुरुवारी दत्ताचा वार. शनिवारी तर नकोच. अमावास्या आली, ग्रहण आलं, मग चैत्रातली नवरात्रं आली आणि जबलपुरात नवरात्रात केसांना कात्री लावायची म्हणजे शेजारीपाजारीच येऊन धरतील. ताई म्हणाल्या, "तू काहून एवढी देवभोळी होऊन राहिली?" मी म्हटलं, "वय झालं ताई." झालर डोळ्यांत टोचायची, वर्गात फळ्यावर लिहिताना मी एका हातानं ती वर धरायची. मुली विचारायच्या, मॅडम, डोळ्याला काही झालंय का? मी सिग्नलला थांबले की पुढच्या स्कूटरवरच्या बायकांच्या माना बघत बसायची. कोणाची किती, कोणाला काय शोभलंय, कोणाच्या मागे भोवरा आहे. मला वेड लागायची वेळ आली होती, पण ते वेड कामाचं होतं.

चुडा भरायच्या दिवशी सकाळी मी महाराजपूरला गेले.

तिनं मागून सुरुवात केली. कंगव्यावर कात्री ठेवून मानेपाशी बारीक, वर जाता जाता थोडं थोडं लांब. खाली सरळ चौकोनी रेघ मारली नाही. केस जसे उगवतात तसे मधे टोकाकडे निमुळते होत जाऊ दिले. तेवढ्यानं मान उभी दिसायला लागते. कानामागे आतून दाटपणा कमी केला, पण दातेरी कात्री मुळाजवळ नेलीच नाही, फक्त टोकं कात्री उभी धरून खाचली. बाजूंनी गालाला चिकटून, कानापुढे एक निमुळती बट खाली. वर उंची ठेवली. भांग मधला होता तो बाजूला नेला आणि तो तिरका केसांचा पट्टा कपाळावरून गालाच्या हाडापर्यंत आला. मग सगळं वाळवून, केस कुठे उठतात ते बघून, तिनं कोरडेच पुन्हा कापले. शेवटी मागे छोटा आरसा धरला.

मला मान होती. लांब नाही, सुरईसारखी नाही, पण होती. मागे दोन शिरांमध्ये एक खळगा होता, तो मी जन्मात पाहिला नव्हता. मी रडले. रागानं रडले. एवढी वर्षं ही इथेच होती.

"सामने से अंदर जाइएगा," ती म्हणाली. तिला सगळं माहीत होतं.

मी घरी जाऊन मागून खोल गळ्याचं ब्लाउज घातलं, चिंचपेटी डब्यात ठेवली, लांब मोहनमाळ घातली आणि पदर खांद्यावरून नीट पिन केला, डोक्यावर घेतला नाही. ताईंकडे पुढच्या खोलीतच, पार्लरच्या खुर्च्या कडेला सारून, कासारीण बसली होती. हिरव्या बांगड्यांचे ढीग, नवरी मधे, भोवती आमच्या बायका आणि ताईंची नेहमीची गिऱ्हाइकं. विहीणबाई सन्मानानं एका खुर्चीत बसलेल्या. मी दारात उभी राहिले. कासारणीच्या हातातल्या बांगड्यांचा आवाज थांबला.

"अय्या मामी!" नवरी ओरडली. "किती भारी दिसून राहिली तू!"

मग सगळ्या एकदम. मागे वळ. हात लावू का? वजन कमी केलं का गं? एक म्हणाली, तू उंच दिसतेस. ताई स्वयंपाकघराच्या दारात सरबताचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आयुष्यभर पुरवून पुरवून खाणार आहे. तेवढ्यात त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं, "दीदी, ये आपने काटा?"

मी तोंड उघडलं होतं. महाराजपूर हा शब्द माझ्या जिभेवर होता.

"मग काय," ताई म्हणाल्या, "घरचं पार्लर असताना बाहेर जाईल काय ती? मीच कापले."

ट्रे जरासाही हलला नाही. माझी झालर, माझी नवरात्रं, माझी चार महिन्यांची तपश्चर्या त्यांनी एका वाक्यात पदरात बांधून टाकली होती. वर बायका त्यांना म्हणत होत्या, काय हात आहे दीदी! 'खोटं बोलतात' असं ओरडले असते तर लग्नघरात तमाशा मीच केला असं झालं असतं, आणि ताई डोळ्यांना पदर लावून बसल्या असत्या. त्यांना ते छान जमतं.

तेवढ्यात माझं लक्ष विहीणबाईंकडे गेलं. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांचा हात स्वतःच्या डोक्यामागच्या क्लचरकडे गेला होता. गोल चेहरा. दाट सरळ केस. मान, बघा, माझ्याहूनही छोटी.

राग असा थंड होतो हे मला माहीत नव्हतं.

"ताईंच्याच हातची जादू," मी म्हटलं, मोठ्यानं. "ताई म्हणतात, गोल चेहऱ्याला आणि छोट्या मानेला हाच कट. विहीणबाई, तुम्हाला तर किती शोभेल! लग्नाआधी करूनच घ्या. ताई तुम्हाला नाही म्हणतील का?"

"खरंच?" विहीणबाई म्हणाल्या. "मी वर्षानुवर्षं हा क्लचर लावून राहिली हो. उद्या येऊ मी?"

आमच्याकडे मुलीच्या आईनं विहिणीला नाही म्हणायची पद्धत नाही. साडीचा रंग असो, जेवणातली जिलबी असो, मुलीची आई हो म्हणते. ताई म्हणाल्या, "या की. चलो, उद्याच करून टाकू." आणि ट्रे आता हलला, सरबत काठावरून सांडलं.

मला स्वयंपाकघरात ओढून त्यांनी माझं मनगट धरलं. "काय करून राहिली तू? मला येते का असा कट?"

"तुम्हीच तर कापले, ताई."

"तिच्याकडे गेली होतीस ना? मागची मान पाहूनच समजलं मला." त्यांचा आवाज खाली आला. "विहिणीचे बिघडले तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. फोटोत येणार आहेत त्या. माझ्या पोरीचं काहीतरी बघ."

मी मुलीचा विचार केला नव्हता असं नाही. ती माझी लाडकी आहे, आणि तिच्यासाठीच मी तिथे थोडी नरमले. थोडीच. "महाराजपूरवालीला बोलवा," मी म्हटलं. "नंबर मी देते. फोन तुम्ही करायचा."

त्यांनी फोन माझ्यासमोर केला. पलीकडून तिनं काय अट घातली ते ताईंच्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्यांच्याकडे काम करणाऱ्या मुलींना मागच्या, बेसिनच्या दारानं यावं लागायचं. ती पुढच्या दारानं येणार होती. आणि तिची हेल्पर लग्नाच्या सीझनमुळे मोकळी नव्हती, तेव्हा इकडच्या कोणीतरी हाताखाली थांबावं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून लवकर निघाले. अशी गोष्ट चुकवायची नसते. विहीणबाई खुर्चीत बसल्या होत्या, गळ्याभोवती कपडा, भोवती चुडा बघायला आलेल्या शेजारणी. पुढचं दार उघडून महाराजपूरची ती मुलगी आत आली, बॅग टेबलावर ठेवली, ताईंना नमस्ते केलं आणि सरळ विहीणबाईंच्या केसांत हात घातला.

"अहो पण," विहीणबाई आरशात ताईंकडे बघत म्हणाल्या, "मामीबाईंचे तर तुम्ही कापले ना?"

खोलीत सगळ्या होत्या. हळदीकुंकवाला हसलेल्यांपैकी अर्ध्या तरी होत्या. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही.

"नाही," ताई म्हणाल्या. "हिनं कापले. मला नाही येत."

कोणी हसलं नाही. मला थोडी निराशाच झाली.

ती मुलगी विहीणबाईंची मान खाली करून बघत होती आणि तिनं जीभ चावली. भोवरा होता, उजवीकडे, केस वर उगवणारे. तिथे माझ्यासारखं बारीक केलं असतं तर केस उभे राहिले असते आणि फोटोत मागून कोंबड्याचा तुरा दिसला असता. तिनं तिथे मुद्दाम दाटपणा ठेवला, केसांच्या वजनानंच ते खाली बसतील एवढा, आणि निमुळतेपणा डावीकडून आणला. ताईंनी ते नक्की बारीक केलं असतं. त्या माझ्या मानेकडे बघून तसंच करायला गेल्या असत्या. हे त्यांनाही कळलं, कारण त्या हात धुवायच्या निमित्तानं बेसिनपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"दीदी, शीशा," ती मुलगी म्हणाली, मागे न बघता.

ताईंनी छोटा आरसा उचलला आणि विहीणबाईंच्या मागे धरला. थोडा वर. थोडा डावीकडे. बस. विहीणबाईंनी स्वतःची मान पाहिली आणि त्यांचा चेहरा जसा उजळला तसा माझाही आदल्या दिवशी उजळला असणार. विहीणबाई त्या मुलीचा हात धरून बोलत राहिल्या. ताई आरसा धरून उभ्याच होत्या, त्यांना कोणी खाली ठेवा म्हटलं नाही.

आता इथे लिहायला हवं की मला त्यांची दया आली. नाही आली. मला इतकं बरं वाटत होतं की मी सगळ्यांसाठी चहा ठेवला.

संध्याकाळी सगळे गेल्यावर ताई खाली पडलेले केस झाडत होत्या. मी पर्स शोधत होते. त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुझ्या लग्नात मी मुद्दाम नव्हतं केलं."

मी थांबले.

"मी नवीनच शिकली होती तेव्हा. सरळ रेघेत कापायचं, बस, एवढंच येत होतं. वाळल्यावर वर जातात हे समजलंच नाही मला. तू रडशील म्हणून रात्रभर भीती वाटली. तू रडली नाहीस, तर वाटलं, चालून गेलं." झाडू हलत होता. "मग तेच करत राहिली. दुसरं येतच नव्हतं तर काय करणार? खरं सांगून राहिली. आईशप्पथ."

ते खरं होतं. त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं. आणि मला त्यांचा अतोनात राग आला, कारण एवढी वर्षं मी त्यांच्या दुष्टपणावर जगले होते आणि त्या तर नुसत्या अडाणी निघाल्या. माझ्या हातातून काहीतरी निसटत होतं. मला न्यायला आलेल्या नवऱ्यानं दाराबाहेर हॉर्न वाजवला. मी गेलेच असते.

"ताई," मी म्हटलं, "कापणं येत नव्हतं, मान्य. त्याचं मी काही म्हणत नाही. पण हळदीकुंकवाला सगळ्यांना हसवलंत. तुम्हाला ठाऊक होतं की कट चुकलाय, मान नाही चुकली. तुमचं झाकायला माझ्यावर हसवलंत. ते तर मुद्दामच केलं ना?"

झाडू थांबला. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला, मी गेले नाही. मला उत्तर हवं होतं आणि ते मिळाल्याशिवाय मी त्या खोलीतून हलणार नव्हते. ताई वाकलेल्या तशाच खाली केसांकडे बघत राहिल्या.

"हो," त्या म्हणाल्या.

मी पर्स उचलली आणि बाहेर जाऊन स्कूटरवर बसले.